बाटलीवरची तारीख

मामांचं पूर्ण नाव मला बावीस वर्षांनी कळलं. ठाण्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी २००३ साली रसायनशास्त्र शिकवायला आले, तेव्हापासून प्रयोगशाळेचे हे परिचर सगळ्यांसाठी मामाच होते. मुलांचे मामा, आमचे मामा, शिपायांचे मामा, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचेही मामाच. जून महिन्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "एकतीस जुलैला मामा निवृत्त होताहेत. त्यांना मानपत्र द्यायचंय. तुम्ही लिहा, तुमचा त्यांचा रोजचा संबंध आहे." मी होकार दिला, कार्यालयात गेले आणि सेवापुस्तक मागितलं. पहिल्याच पानावर, वडिलांच्या नावासकट, ते संपूर्ण नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

त्या रात्री मी पहिला मसुदा लिहिला. अर्ध्या तासात झाला. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मितभाषी, सदैव हसतमुख, संस्थेचा आधारस्तंभ, निष्ठेचे मूर्तिमंत उदाहरण." सकाळी चहा घेताना परत वाचला आणि लक्षात आलं, की यातलं नाव बदललं तर हाच कागद लेखापालांना देता येईल, ग्रंथपालांना देता येईल, कुणालाही देता येईल. मामांची त्यात एकही खूण नव्हती. शिवाय मामा हसतमुख नाहीतच. ते गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ आहेत, आणि तो चेहरा मला आवडतो.

मी कागद फाडला आणि कळव्याहून मामा येण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन बसले.

गाजावाजा न करता काम करणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना पहिली अडचण अशी, की त्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. घडलं असतं तर सांगता आलं असतं. आमच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, "२६ जुलैचा प्रसंग घ्या की. २००५चा." त्या दिवशी ठाण्यात पाणी भरलं तसं आमच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतही घोट्याच्या वर पाणी आलं होतं. पण प्रसंग असा काही घडलाच नाही. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेली सोडियमची बरणी तेव्हाही वरच्या फळीवर होती, कारण ती कायम वरच्या फळीवरच असते. सोडियमला पाणी लागलं की हायड्रोजन निघतो, पेट घेतो. भिंतीतून ओल येते, नळ फुटू शकतो, म्हणून ती बरणी वर. तीव्र आम्लांच्या बाटल्या मात्र खाली, जमिनीलगतच्या वाळूच्या ट्रेमध्ये, कारण त्या उंचावरून डोक्यावर पडता कामा नयेत. त्या बाटल्या पाण्यात उभ्या राहिल्या, पण बुचं घट्ट होती. दुसऱ्या दिवशी कळव्याहून यायला रस्ता नव्हता. मामा तिसऱ्या दिवशी आले, गाळ काढला, बाटल्या पुसल्या आणि भिजलेली लेबलं नव्याने लिहिली. एवढंच. व्यासपीठावरून सांगायला यात गोष्ट नाही. बरणी आधीच वर होती हीच ती गोष्ट, आणि ती सांगायची तर आधी सोडियम समजावून सांगावा लागेल.

म्हणून मी प्रसंग शोधायचं सोडलं आणि खुणा शोधू लागले.

प्रयोगशाळेत खुणा भरपूर असतात. फुटतुटीची नोंदवही असते, साठ्याची असते, प्रत्येक तुकडीच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक असतं. आणि बाटल्यांवरची लेबलं असतात. मामांचं लेबल म्हणजे पाठकोऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर डाव्या बाजूला द्रावणाचं नाव, उजव्या बाजूला तारीख, वरून पारदर्शक चिकटपट्टी. अक्षर बारीक आणि सरळ. तारीख नाही अशी एकही बाटली त्या कपाटांत मला सापडली नाही. मी मुद्दाम मागच्या रांगेतल्या, कुणी न हात लावणाऱ्या बाटल्याही काढून पाहिल्या.

तारखेला एवढं महत्त्व का, हे आमच्या विषयाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बारावीच्या बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रयोग ठरलेला असतो: फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणाची पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन. ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट, खाली शंकूपात्रात मोजून घेतलेलं फिकट हिरवं द्रावण. थेंबथेंब सोडत जायचं. जांभळा थेंब पडतो आणि नाहीसा होतो, पडतो आणि नाहीसा होतो, आणि एका थेंबाला तो फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. तिथे थांबायचं, वाचन घ्यायचं. द्रावणं नेमकी असतील, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट ०.१ मोलर आणि परमँगनेट ०.०२ मोलर, तर दहा मिलिलिटरला दहाच मिलिलिटर लागतं.

ही दोन्ही द्रावणं दोन वेगळ्या स्वभावांची. परमँगनेट आदल्या दिवशी केलेलं चालतं, उलट थोडं मुरू द्यावं. मात्र गडद तपकिरी बाटलीत ठेवावं लागतं, कारण उजेडात ते हळूहळू विघटित होतं. ते गाळायचं असेल तर गाळणकागद वापरायचा नाही. कागदाशीच त्याची अभिक्रिया होते आणि द्रावण कमजोर पडतं. काचेच्या लोकरीतून गाळायचं. फेरस अमोनियम सल्फेटचं उलट. ते ताजंच हवं. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं फेरस लोह फेरिक होत जातं, फिकट हिरवा रंग पिवळसर होऊ लागतो. म्हणून पाण्यात आधी सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं, मग त्यात स्फटिक विरघळवायचे. एका लिटरला ३९.२ ग्रॅम. पंचवीस मुलांच्या तुकडीला अडीच लिटर धरलं तर ९८ ग्रॅम. हे आकडे मामांना तोंडपाठ होते. मोलर म्हणजे काय हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मला ते कधी सांगावंही लागलं नाही.

मला मानपत्रात लिहायचं होतं: "आपण दिलेल्या द्रावणात कधीही चूक झाली नाही." वाक्य छान होतं. पण मानपत्रावर प्राचार्य आणि अध्यक्ष सही करतात, ते भिंतीवर लागतं, आणि "कधीही" हा शब्द तपासल्याशिवाय सहीखाली जाऊ नये असं मला वाटतं. माझ्या बावीस वर्षांबद्दल मी सांगू शकत होते. आधीची बारा मला ठाऊक नव्हती. म्हणून मी मामांनाच विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही, पण त्यांना अंदाज आला असावा. ते ब्युरेट धुवत होते. नळ बंद केला आणि म्हणाले, "एकदा झालीय मॅडम. सत्त्याण्णव साली."

त्यांनी सांगितलं ते असं. फेब्रुवारी, बोर्डाची परीक्षा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी काही काम होतं, पोचायला उशीर होणार, म्हणून मामांनी फेरस अमोनियम सल्फेटही आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं. घाईत नुसत्या पाण्यात विरघळवलं, आम्ल सकाळी घालू म्हणून राहिलं. बाटलीही अर्धवट भरलेली, म्हणजे वर हवाच हवा. सकाळी द्रावण किंचित पिवळसर दिसत होतं, पण खिडकीच्या उन्हामुळे तसं वाटत असेल म्हणून सोडून दिलं. पहिल्या तुकडीतल्या चार मुलांची वाचनं आली, ती सगळी साडेनऊच्या आसपास.

"परीक्षक म्हणाले, मुलं चुकली असती तर एक नऊ आलं असतं, एक अकरा आलं असतं. सगळी एकाच बाजूला कशी चुकतील? बाटली दाखवा."

मला हे ऐकून त्या परीक्षकांबद्दलही आदर वाटला. मुलांच्या हाताची चूक पसरलेली असते, द्रावणाची चूक एका बाजूला झुकते. दोन्हींतला फरक वाचनांची रांग पाहूनच कळतो, आणि तो न पाहता मुलांचे गुण कापणारे परीक्षकही असतात. त्या दिवशी शिक्षकांनी त्याच द्रावणाचं प्रमाण वाचन नव्याने घेतलं, मुलांची वाचनं त्याच्याशी ताडून पाहिली, कुणाचं नुकसान झालं नाही. दुसऱ्या तुकडीला ताजं द्रावण दिलं. कुणी मामांना रागावलंही नाही.

"पण ती चार पोरं घाबरली होती," मामा म्हणाले. "एक मुलगी रडायला लागली. तिचं बरोबर होतं, मॅडम. माझं चुकलं होतं."

तेव्हापासून ते द्रावण त्याच दिवशी सकाळी. परीक्षा असो नाहीतर साधं प्रात्यक्षिक. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर तारीख. आणि तेव्हापासून सकाळी सातला हजेरी, तुकडी साडेआठची असली तरी. मी बावीस वर्षं त्या तारखा पाहत होते आणि ती नियमाने घातलेली एक सवय आहे असं समजत होते.

"कधीही" मी काढून टाकलं. त्याच्या जागी दोन शब्द घातले, "त्याच सकाळी". व्यासपीठावरून ते वाचले जातील तेव्हा सभागृहात फक्त एका माणसाला त्यांचा पूर्ण अर्थ कळणार होता.

दुसरी अडचण वर्षांची आली. सेवापुस्तकात पहिली नोंद जून १९९३ची आहे, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळाली तेव्हाची. तिथून मोजलं तर बत्तीस वर्षं. पण मामा प्रयोगशाळेत आले जुलै १९९१मध्ये. पहिली दोन वर्षं हंगामी, महिन्याला हातात पडेल त्या पैशांवर. ती वर्षं निवृत्तिवेतनात धरली गेली नाहीत, आणि आता जातील असंही नाही. कार्यालयातून सांगण्यात आलं, "बत्तीस लिहा. दप्तराशी जुळलं पाहिजे." मला ते पटलं नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी धुतलेली भांडी काय कमी धुतलेली होती? पण दप्तराच्या विरुद्ध जाणारा "चौतीस वर्षे सेवा" हा शब्दप्रयोग प्राचार्यांच्या सहीखाली घालणंही बरोबर नव्हतं, सेवा या शब्दाला तिथे कायद्याचा अर्थ आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. शेवटी आकडाच काढला आणि लिहिलं: "आपण जुलै १९९१पासून या प्रयोगशाळेत काम करत आहात." हे खरं आहे, हजेरीच्या जुन्या वहीत त्यांची पहिली सही आहे, आणि कुठल्याही दप्तराशी याचा वाद नाही. वर्षं ज्याला मोजायची त्याने मोजावीत. प्राचार्यांनी ते वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

"आपण" म्हणून लिहायचं, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. प्रमाणपत्रात माणसाबद्दल लिहितात: अमुक यांना प्रमाणित करण्यात येते की. मानपत्र माणसाशी बोलतं. ते मोठ्याने वाचायचं असतं आणि तो समोर बसलेला असतो. म्हणून वाक्यं एका श्वासात बसतील एवढीच हवीत. मी घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं. दीड मिनिटाच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं आणि ज्याचा सत्कार आहे तो माणूस खाली बघायला लागतो. शिवाय आडव्या ए-फोर कागदावर, वर संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह, खाली दोन सह्या, एवढं जाऊन मधे चांगल्या मोठ्या अक्षरात शंभरएक शब्दच मावतात. तीनशे शब्द कोंबलेली मानपत्रं मी पाहिली आहेत. ती भिंतीवर लावली की दोन फुटांवरून वाचता येत नाहीत.

छपाईला नौपाड्यातल्या दुकानात दिलं. मी मजकूर युनिकोडमध्ये पाठवला होता, त्यांच्याकडे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये तो बदलून घेतात. या बदलात पहिली वेलांटी जागा सोडते आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. पहिल्या छापील नमुन्यात "परिचर"चं "पिरचर" झालं होतं. हे संगणकाच्या पडद्यावर नजरेतून सुटतं, कारण शब्द ओळखीचा असला की डोळा तो दुरुस्त करूनच वाचतो. म्हणून कागदावर छापून घ्यायचं आणि शेवटच्या शब्दापासून उलट, एकेक शब्द वाचत यायचं. मी तसं केलं, आणखी एक चूक सापडली, तीही नेमकी आडनावात. सेवापुस्तकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. ज्याच्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही, त्याचं नाव तरी त्या एका कागदावर बिनचूक यायला हवं होतं.

दुसरा नमुना मी मामांना दाखवला. सत्काराआधी दाखवू नये असं म्हणतात, गंमत जाते. मला गंमत नको होती. आपल्याबद्दल काय वाचलं जाणार हे त्या माणसाला आधी माहीत असावं, म्हणजे त्याला व्यासपीठावर अवघडल्यासारखं होत नाही. मामांनी हात पुसले, चष्मा लावला आणि खिडकीपाशी जाऊन वाचलं. "त्याच सकाळी"पाशी थोडे थांबले, असं मला वाटलं. मग म्हणाले, "मॅडम, एक दुरुस्ती आहे. ब्युरेटचं हे माझं नाही. मला आधीच्या मामांनी शिकवलंय."

मी लिहिलं होतं, की थेंबही न गळणारी ब्युरेट ही आपली रीत. काचेच्या कळीच्या ब्युरेटला व्हॅसलिन लावणं हे खरोखरच हातात असावं लागतं. कळी काढून कोरडी पुसायची, भोकाच्या दोन्ही बाजूंना, पण भोकापासून दूर, बोटाने पातळ थर द्यायचा, कळी बसवून एकदा पूर्ण फिरवायची. जास्त झालं तर व्हॅसलिन भोकात शिरतं आणि धार अडते, कमी झालं तर कळी गळते. मग शून्यापर्यंत पाणी भरून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि पातळी हलली का पाहायचं. सुट्टी लागताना मात्र व्हॅसलिन पुसून टाकायचं आणि कळी व नळीमधे कागदाची पट्टी घालून ठेवायची, नाहीतर जूनमध्ये कळी घट्ट बसलेली असते, फिरवायला जावं तर काच तुटते. हे सगळं मामांना त्यांच्या आधीच्या परिचरांनी १९९१च्या पावसाळ्यात शिकवलं होतं. ते आता नाहीत. "त्यांना असा कागद नव्हता मिळाला," मामा म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

तिसऱ्यांदा छापलं. शेवटी वाचलं गेलं ते असं:

"आपण जुलै १९९१पासून या प्रयोगशाळेत काम करत आहात. प्रात्यक्षिकासाठी त्याच सकाळी तयार केलेले द्रावण, बाटलीवर आपल्या अक्षरातील तारीख आणि थेंबही न गळणारे ब्युरेट यांच्या भरवशावर आमच्या विद्यार्थ्यांनी बोर्डाची परीक्षा दिली. तुकडी येण्यापूर्वी आपण आलात आणि शेवटचे शंकूपात्र पालथे घातल्यावर गेलात. धोक्याची वस्तू कुठे ठेवायची हे आपण आधीच ठरवून ठेवलेत, म्हणून पुराच्या दिवशीही या खोलीत काही घडले नाही. आपल्या आधीच्या परिचरांकडून घेतलेली कामाची रीत आपण जपलीत आणि नव्या हातांना दिलीत. त्याबद्दल ही संस्था आपली कृतज्ञ आहे."

एकतीस जुलैला दुपारी पाऊस जोरात होता. सभागृहात जुने विद्यार्थीही आले होते, काही चाळिशी उलटलेले. प्राचार्यांनी पूर्ण नाव घेतलं तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, कारण पुष्कळांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मामा सरळ बसून ऐकत होते. त्यांच्या मिसेस पहिल्या रांगेत होत्या. पुराच्या वाक्याला त्यांनी मान हलवली. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ते उभे राहिले, नमस्कार केला आणि आधीच्या मामांचं नाव घेतलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग बसले.

चहापाणी झाल्यावर मी त्यांना शोधत प्रयोगशाळेत गेले. फ्रेम बेसिनपासून लांब, टेबलाच्या कोरड्या टोकाला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. गळ्यातला हार काढून खुंटीला लावलेला. नव्याने लागलेला मुलगा शेजारी उभा होता आणि मामा त्याला तपकिरी बाटली उजेडासमोर धरून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बारावीची तुकडी होती.

सकाळी मी गेले तेव्हा परमँगनेट ओट्यावर तयार होतं. लेबल मामांच्या अक्षरातलं, तारीख ३१/७/२५. त्याच्या शेजारी फेरस अमोनियम सल्फेटची बाटली, स्वच्छ, फिकट हिरवी. तिच्यावरची पट्टी नुकतीच चिकटवलेली होती, अक्षर वेगळं होतं, थोडं मोठं, थोडं तिरकं. तारीख १/८/२५.